रहिवासी कोण, स्थलांतरित कोण, नागरिक कोण? वऱ्हाडातून पाहिलेला घटनेचा पाचवा अनुच्छेद

दर्यापूरच्या आमच्या अभ्यास वर्गात मुलांना एक प्रश्न दिला होता: 'नागरिकत्व कसे मिळते व कसे जाते ते सांगून नागरिक, रहिवासी आणि स्थलांतरित यांतील फरक स्पष्ट करा.' निम्म्याहून अधिक मुलांनी एकच उत्तर लिहिले. महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिले की माणूस नागरिक होतो, आणि गाव सोडून गेला की तो स्थलांतरित होतो. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. तहसीलमधून मिळणाऱ्या दाखल्यावर वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास हे तिन्ही एकाच कागदावर असतात, म्हणून ते एकच वाटतात. पण हा गोंधळ आपल्या लोकांना महागात पडतो. म्हणून तो इतिहासातून सोडवू या.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०२ मध्ये निजामाने तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला. कारभार इंग्रजांचा, पण सार्वभौमत्व निजामाचे. १९३६ च्या करारातही ते निजामाचेच मानले गेले आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. दर्यापूरच्या महारवाड्यातला माणूस पिढ्यान्पिढ्या इथलाच रहिवासी होता. तो सारा देत होता, वेठ करत होता, पण नागरिक कोणाचाच नव्हता. तो प्रजा होता, आणि आपल्यावर हक्क कोणाचा हे ठरवताना त्याला कोणी विचारले नाही. राहणे ही वस्तुस्थिती आहे. नागरिकत्व हे राज्याशी असलेले कायद्याचे नाते आहे. पहिला फरक हा.

हे नाते कोणाला द्यायचे, यावर घटना समितीत १० ते १२ ऑगस्ट १९४९ असे तीन दिवस चर्चा झाली. मसुदा मांडताना बाबासाहेबांनी सांगितले की, एक अनुच्छेद सोडला तर दुसऱ्या कोणत्याही अनुच्छेदाने मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दिली नाही. मसुद्यातली पहिली अट होती अधिवासाची. अधिवास म्हणजे नुसता मुक्काम नव्हे. हेच माझे कायमचे घर, या इराद्याने राहणे. त्या अटीला जोडून तीनपैकी एक गोष्ट हवी होती: भारतात स्वतःचा जन्म, किंवा आई-वडिलांपैकी एकाचा जन्म, किंवा लगतची पाच वर्षे इथे सर्वसाधारण वास्तव्य. तिसरी सोय गोव्यासारख्या पोर्तुगीज वसाहतीतून किंवा फ्रेंच वसाहतीतून येऊन इथे स्थायिक झालेल्या लोकांसाठी असल्याचे बाबासाहेबांनी समजावले.

या मसुद्याला मोठा विरोध केला तो आपल्याच अमरावतीच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी. पंजाबराव आपल्याला परके नाहीत. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या होत्या. म्हणून त्यांचे म्हणणे टिंगल न करता ऐकले पाहिजे. ते म्हणाले की, या व्याख्येमुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. मुंबईत काही तास थांबलेल्या परदेशी बाईला मूल झाले तर तेही भारतीय ठरेल का, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांची दुरुस्ती दोन भागांत होती. पहिला भाग भारतात राहणाऱ्यांचा होता: भारतीय आई-वडिलांची मुले, किंवा कायद्याने नागरिकत्व घेतलेले लोक. दुसरा भाग असा होता की, जो हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी भारताच्या नागरिकत्वाला पात्र.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर मसुद्यातच होते. त्या बाळाचा जन्म भारतात झाला, पण अधिवास भारतात नाही. म्हणजे पाचवा अनुच्छेद त्याला लागूच होत नाही. दुसरा भाग मात्र मुळावरच घाव घालणारा होता. त्यात राहण्याची अट गेली, जन्माची गेली, आणि त्या जागी धर्म आला. १२ ऑगस्टला सभागृहाने ही दुरुस्ती फेटाळली. मूळ घटनेने धर्म विचारला नाही, घर विचारले. २०१९ च्या दुरुस्तीने तीन देशांतून आलेल्या सहा धर्मांची यादी नागरिकत्वाच्या कायद्यात घातली. त्या यादीत बौद्धही आहेत. पण आपले नाव यादीत आहे म्हणून यादीचे तत्त्व बरोबर ठरत नाही, असे आम्हाला वाटते.

आता 'स्थलांतरित'. घटनेच्या सहाव्या आणि सातव्या अनुच्छेदात हा शब्द फाळणीच्या सीमेपुरता आहे. १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन इथे राहिलेल्यांना नोंदणी लागली नाही. त्यानंतर आलेल्यांना किमान सहा महिने राहून नोंदणी करावी लागली. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेला माणूस भारताचा नागरिक मानला गेला नाही. अपवाद होता तो पुनर्वसनाच्या परवान्यावर परतलेल्यांचा. देशाच्या आत गाव बदलणाऱ्याशी या अनुच्छेदांचा काही संबंध नाही. त्याला एकोणिसाव्या अनुच्छेदाने देशभर फिरण्याचा आणि कुठेही स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे.

एक उदाहरण घेऊ. खारपाण पट्ट्यातला एक मजूर. विहिरीचे पाणी खारे, शेती एका पावसाची. तो दिवाळीनंतर सुरतला जातो. त्याचे नागरिकत्व तसूभरही बदलत नाही. तो तात्पुरता गेला असेल तर मतदार यादीतले गावचे सर्वसाधारण वास्तव्यही संपत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हे स्पष्ट आहे. तो तिथेच स्थायिक झाला तर मतदार म्हणून नाव तिकडे जाईल. अनुसूचित जातीच्या सवलती मात्र राज्यनिहाय आहेत, त्या गुजरातेत आपोआप मिळणार नाहीत. बदल झाला तो रहिवासात आणि सवलतींत. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखलाही राज्यातल्या सोयींसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात म्हटले आहे की, भारतात अधिवास एकच, भारताचा.

याच मजुराचा भाचा दुबईला बारा वर्षे राहिला. तो तिथला रहिवासी, पण भारताचाच नागरिक. उद्या त्याने आपल्या इच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, तर त्याच क्षणी भारताचे जाते. नंतर ओसीआय कार्ड मिळाले तरी ते नागरिकत्व नव्हे.

तर उत्तर असे लिहावे. १९५५ च्या कायद्याने नागरिकत्व पाच मार्गांनी मिळते: जन्म, वंश, नोंदणी, देशीयकरण आणि नवा प्रदेश भारतात सामील होणे. ते तीन प्रकारे जाते: स्वतः सोडणे, दुसऱ्या देशाचे घेतल्याने संपणे, आणि सरकारने काढून घेणे. यातला तिसरा प्रकार जन्माने नागरिक असलेल्याला लागू होत नाही. जन्माचा मार्गही काळानुसार अरुंद झाला. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात झालेला जन्म पुरत होता, पुढे पालकांपैकी एक नागरिक असावा लागला, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदेशीर स्थलांतरित नसावा ही अटही आली.

म्हणून आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या जन्माच्या नोंदी, कोतवाल बुकातले उतारे, शाळेचे दाखले आताच काढून ठेवा. आणि वीटभट्टीवर किंवा शहरात कोणी आपल्या माणसाला 'तू बाहेरचा' म्हणाले, तर त्याला नीट सांगा: गाव बदलले आहे, नागरिकत्व नाही.