दोन इंची नळाचे दोन इंच कोठें गेले?

लोखंडी सामानाच्या दुकानांत जाऊन कोणी दोन इंची पोलादी नळ मागितला, आणि घरीं आणून त्यावर पट्टी ठेवली, तर त्याला थोडें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. नळ बाहेरून मोजावा तर तो २ ३/८ इंच भरतो. आंतून मोजावा तर पोकळी दोन इंचांहून किंचित् मोठी, म्हणजे २.०६७ इंच निघते. दुसऱ्या जाड जातीचा दोन इंची नळ घेतला तर बाहेरचें माप तेंच राहतें, पण पोकळी १.९३९ इंचांवर येते. दोन इंच असे त्या नळावर कोठेंच सांपडत नाहींत. यांत दुकानदाराची लबाडी मुळींच नाहीं. हे दोन इंच एके काळीं खरोखरच होते. ते कसे नाहींसे झाले हा शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे नळांच्या मापांचें कोष्टक वाचणें अगदीं सोपें होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडमध्यें कोळशाच्या वायूवर दिवे लागूं लागले आणि लोखंडी नळांना एकाएकीं मागणी आली. १८२५ सालीं कॉर्नेलियस व्हाइटहाउस या कारागिरानें तापलेली लोखंडी पट्टी साच्यांतून ओढून तिच्या कडा एकमेकींस जुळविण्याची रीत शोधून तिचें पेटंट घेतलें, आणि नळ स्वस्त झाला. त्या काळच्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न महत्त्वाचा होता : या नळांतून वायु किती जाईल? तें पोकळीवर अवलंबून, म्हणून नळाचें नांवही पोकळीवरून पडलें. दोन इंची नळ म्हणजे ज्याची पोकळी सुमारें दोन इंच तो. बाहेरची बाजू किती रुंद आहे याची पंचाईत कोणी करीत नसे.

पण नळ एकमेकांस जोडावयाचे असतात, आणि जोड बसतो तो बाहेरच्या अंगावर. नळाच्या टोकास बाहेरून आटे पाडतात आणि त्यावर सॉकेट किंवा एल्बो फिरवून घट्ट करतात. आटे पाडणाऱ्या हत्याराला आणि सॉकेटच्या भोंकाला पोकळीशीं कांहींच कर्तव्य नाहीं. त्यांना बाहेरचा व्यास नेमका ठाऊक असला पाहिजे. प्रत्येक कारखान्याचा बाहेरचा व्यास आणि आटे निराळे असले, तर एका कारखान्याचा नळ दुसऱ्याच्या सॉकेटमध्यें जाणार नाहीं.

ही अडचण अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत रॉबर्ट ब्रिग्ज यांनीं सोडविली. ते तेथील पास्कल आयर्न वर्क्स या नळांच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते. १८६२ च्या सुमारास त्यांनीं प्रत्येक मापाच्या नळाचा बाहेरचा व्यास, दर इंचांतील आट्यांची संख्या, आट्यांचा साठ अंशांचा कोन आणि टोंकाकडे निमुळतें होत जाण्याचें प्रमाण, हें सारें सूत्रांत बांधून दिलें. ब्रिग्ज १८८२ सालीं वारले. १८८६ सालीं अमेरिकन कारखानदारांनीं व तेथील यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेनें त्यांची मापें प्रमाण म्हणून मान्य केलीं. तेव्हांपासून दोन इंची नळाचा बाहेरचा व्यास २.३७५ इंच ठरला तो आजतागायत तसाच आहे. मिलिमीटरमध्यें तो ६०.३ होतो.

या निर्णयाचा परिणाम फार दूरवर गेला. बाहेरचा व्यास एकदां खिळून बसला म्हणजे नळाची भिंत जाड करावयाची झाल्यास ती आंतल्या बाजूलाच वाढवावी लागते, आणि पातळ करावयाची झाल्यास आंतूनच कमी करावी लागते. भिंत बदलली कीं पोकळी बदलते. बाहेरचें माप जागचें हालत नाहीं. ज्या पोकळीवरून नळाला नांव पडलें तीच अशा रीतीनें चंचल झाली, आणि जें माप कोणी विचारीत नव्हतें तें स्थिर झालें. नांव मात्र जुनेंच राहिलें. ‘दोन इंच’ हें आतां माप नसून कोष्टकांतील एका ओळीचें नांव आहे.

जाडीच्या बाबतींत आरंभीं तीनच जाती होत्या : साधा म्हणजे ‘स्टँडर्ड’, जाड म्हणजे ‘एक्स्ट्रा स्ट्राँग’, आणि अतिजाड म्हणजे ‘डबल एक्स्ट्रा स्ट्राँग’. पुढें वीजघरांतील वाफेचा दाब व उष्णता वाढत गेली तसतशा या तीन पायऱ्या अपुऱ्या पडूं लागल्या. १९२७ सालीं अमेरिकन प्रमाणसंस्थेनें या कामासाठीं समिति नेमण्यास संमति दिली, आणि १९३० ते १९४० या दशकांत ‘शेड्यूल’ क्रमांकांचें कोष्टक प्रचारांत आलें. त्यांत १०, २०, ३०, ४०, ६०, ८०, १००, १२०, १४० व १६० असे क्रमांक आहेत. क्रमांक जितका मोठा तितकी भिंत जाड.

हे आंकडे कोठून आले? आंतील दाबाला त्या धातूवर पडूं देण्याच्या सुरक्षित ताणानें भागावें आणि एक हजारानें गुणावें, कीं क्रमांक निघतो. दाब दर चौरस इंचास ६०० पौंड आणि सुरक्षित ताण १५,००० पौंड असेल तर उत्तर ४० येतें. परंतु हा केवळ अदमास आहे, हें विसरूं नये. शेड्यूल ४० च्या दोन इंची नळाची भिंत ०.१५४ इंच, म्हणजे बाहेरच्या व्यासाच्या साडेसहा टक्के आहे. बारा इंची नळाची ०.४०६ इंच, म्हणजे सव्वातीन टक्केही नाहीं. लहान नळांवर आटे पाडतांना धातु कापला जातो, म्हणून त्यांना प्रमाणाबाहेर जाडी दिलेली असते. तेव्हां शेड्यूल ४० म्हणजे अमुक दाब सोसणारा नळ असें समजणें ही मोठी चूक होय. दाबाचा हिशेब प्रत्यक्ष जाडीवरून निराळा करावा लागतो.

आतां कोष्टक वाचूं. डाव्या बाजूस नळाचें नांव, त्याच्या शेजारीं बाहेरचा व्यास, आणि पुढें प्रत्येक शेड्यूलच्या रकान्यांत भिंतीची जाडी असते. दोन इंची, शेड्यूल ८० हा नळ घ्या. नांवासमोर व्यास २.३७५, तीच ओळ धरून ८० च्या रकान्यापर्यंत गेल्यास जाडी ०.२१८. पोकळी काढावयाची तर जाडी दोनदां वजा करावी, कारण भिंत दोन्ही बाजूंना आहे : २.३७५ मधून ०.४३६ गेले, राहिले १.९३९. नवशिके एकदांच वजा करतात आणि पोकळी मोठी धरून बसतात. शिवाय कोष्टकांतील जाडी ही नांवापुरती असते. सामान्य पोलादी नळांत कारखान्याला तिच्यापेक्षां साडेबारा टक्के कमी जाडी चालते. म्हणजे ०.२१८ च्या जागीं एखाद्या ठिकाणीं ०.१९१ इंचच भरली तरी नळ नियमाला धरूनच आहे. सामर्थ्याचा हिशेब या कमी आंकड्यावर करणें शहाणपणाचें असतें.

उलट काम याहून मौजेचें आहे. समजा, एखाद्या गिरणीच्या बाष्पगृहांत जुना नळ आहे. त्यावरील अक्षरें गंजून गेलीं आहेत, आणि त्याचा एक तुकडा बदलावयाचा आहे. नळ चालू असल्यामुळें त्याची पोकळी पाहतां येत नाहीं. अशा वेळीं नळ थंड असतांना त्याच्याभोंवतीं दोरी गुंडाळून तिची लांबी मोजावी. ती २० १३/१६ इंच भरली, तर ३.१४१६ नें भागून व्यास ६.६२५ इंच येतो. हा आंकडा कोष्टकाच्या व्यासाच्या रकान्यांत शोधला कीं तो सहा इंची नळासमोर सांपडतो. साडेसहा इंची नळ मागणाऱ्याला दुकानांत कांहींच मिळणार नाहीं. व्यासावरून फक्त नांव कळलें. जाडी अद्याप अज्ञात आहे, कारण सर्व शेड्यूलांत बाहेरचा व्यास एकच. ती कापलेल्या टोंकावर किंवा ध्वनिलहरींच्या मापकानें पाहावी लागते. ०.२८० इंच भरली तर शेड्यूल ४०, आणि ०.४३२ भरली तर ८०. मधलेंच कांहीं भरलें, तर नळ आंतून झिजला असावा अशी शंका घ्यावी, आणि मूळ कागद पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

आपल्या देशांत येथें आणखी एक खांच आहे. घरांतील पाण्याचे नळ येथें इंग्रजी परंपरेनें आले, आणि आजही भारतीय प्रमाणांत त्यांच्या हलका, मध्यम व भारी अशा जाती आहेत, शेड्यूल नाहीं. चार इंचांपर्यंत बाहेरचे व्यास दोन्ही पद्धतींत बहुतेक जुळतात. पण सहा इंची भारतीय नळ बाहेरून १६५.१ मिलिमीटर, तर अमेरिकन कोष्टकांतील १६८.३ मिलिमीटर. दोघांचेंही नांव सहा इंच! दोरीनें मोजल्यास घेरांत दहा मिलिमीटरांचा फरक दिसतो. तो पाहिल्यावांचून मागविलेला तुकडा जुन्या नळाशीं कडेला कड लागून बसत नाहीं.

शेवटची आणि सर्वांत धोक्याची चूक जुन्या नांवांतून उद्भवते. लहान मापांत स्टँडर्ड आणि शेड्यूल ४० ही एकच जाडी आहे, तसेंच एक्स्ट्रा स्ट्राँग आणि शेड्यूल ८०. म्हणून कारागीर हीं नांवें एकमेकांच्या जागीं वापरतात. पण पहिली जोडी दहा इंचांपर्यंतच टिकते, दुसरी आठ इंचांपर्यंतच. बारा इंची नळांत एक्स्ट्रा स्ट्राँगची भिंत अर्धा इंच, तर शेड्यूल ८० ची ०.६८८ इंच आहे. आठ इंची कामाच्या संवयीनें कोणी ‘तेंच तें’ म्हणून बारा इंची वाफेच्या नळासाठीं एक्स्ट्रा स्ट्राँग मागविला, तर चतुर्थांशाहून अधिक धातु कमी मिळतो. बाहेरून मात्र दोन्ही नळ तंतोतंत सारखे, १२.७५० इंच. डोळ्यांना दोष दिसत नाहीं, आणि दाब तर तितकाच येतो. नळाच्या टोंकाशीं जाडी मोजणें हाच एक उपाय.

गंमत अशी, कीं बारा इंची स्टँडर्ड नळाची भिंत ०.३७५ इंच असल्यामुळें त्याची पोकळी बरोबर बारा इंच भरते. त्या एका जागीं जुनें नांव खरें ठरतें. चौदा इंचांपासून पुढें तर रीतच पालटते. तेथें नांव आणि बाहेरचा व्यास एकच : चौदा इंची नळ बाहेरून चौदा इंच. पोकळीवरून नांव ठेवणारी जुनी वायुदिव्यांची पद्धत तेथें संपली. बारापर्यंत व्यास कोष्टकांतून घ्यावा, चौदापासून नांवावरून घ्यावा, आणि जाडी दोन्हीकडे रकान्यांतून घ्यावी, इतकें ध्यानांत ठेवलें म्हणजे हरवलेले दोन इंच शोधीत बसण्याचें कारण उरत नाहीं.