बाळाचं रक्त आणि कॅन्सरची कॅप्सूल : सिकल सेलच्या औषधाची गोष्ट



कामणच्या आसपासच्या पाड्यांवरून सिकल सेलची मुलं दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांच्या आयांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "डॉक्टर, पहिले पाच-सहा महिने पोरगं एकदम चांगलं होतं हो." त्यानंतर हातापायांचे पंजे सुजले, मूल रात्रभर रडलं, डोळे पिवळे झाले, रक्त चढवावं लागलं, असं पुढचं सगळं येतं.

दुसरं वाक्य वडिलांचं असतं, आणि ते जरा दबक्या आवाजात येतं. "ही कॅप्सूल कॅन्सरची आहे म्हणे. म्हणून आम्ही बंद केली."

या दोन वाक्यांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. आईने जे पाहिलं त्यातूनच वडील ज्याला घाबरतात ते औषध सापडलं. त्याला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. ती गोष्ट कळली की कॅप्सूल का घ्यायची आणि कशी घ्यायची, दोन्ही उलगडतं.

नवजात बाळांनी दिलेला धागा

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी दिसल्याची नोंद प्रसिद्ध केली. सिकल म्हणजे विळा. आजाराचं नाव त्यावरून पडलं.

१९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. जॅनेट वॉटसन यांना एक गोष्ट खटकली. हा आजार जन्मजात आहे, मग नवजात बाळाच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी इतक्या कमी का? त्यांनी अंदाज बांधला की बाळाच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर आहे, आणि तेच त्याला वाचवत असावं. हा अंदाज बरोबर ठरला.

हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशीत प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन. ते चार साखळ्यांचं असतं. मोठ्या माणसात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. पोटातल्या बाळात बीटाच्या जागी गॅमा साखळ्या असतात. या गॅमावाल्या हिमोग्लोबिनला गर्भ हिमोग्लोबिन किंवा हिमोग्लोबिन एफ म्हणतात. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात मोठा वाटा याचाच असतो. जन्मानंतर शरीर हळूहळू गॅमा बनवणं थांबवतं आणि बीटा बनवू लागतं.

सिकल सेलमध्ये दोष बीटा साखळीत आहे. त्यामुळे गॅमा आहे तोवर बाळ सुखरूप असतं आणि सहा महिन्यांच्या सुमारास त्रास सुरू होतो. आईचं निरीक्षण अगदी अचूक असतं.

गर्भ हिमोग्लोबिन नक्की काय करतं?

सिकल हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार होतात. हे दोर पेशीला आतून ताणतात. पेशी कडक आणि वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. हाडांत होणारी ती भयंकर वेदना यातून येते.

पण दोर तयार व्हायला थोडा वेळ लागतो. लाल पेशीला सर्वांत बारीक वाहिनीतून पार व्हायला साधारण सेकंदभर पुरतो. दोर वळण्याआधी पेशी पलीकडे गेली, तर फुफ्फुसात तिला पुन्हा प्राणवायू मिळतो आणि धोका टळतो. सगळा खेळ या सेकंदाचा आहे. गर्भ हिमोग्लोबिनचा रेणू या दोरात बसत नाही. पेशीत तो जितका जास्त, तितका दोर वळायला उशीर, आणि पेशीला निसटायला तितका वेळ.

थॅलेसेमियात काम थोडं वेगळं आहे. तिथे बीटा साखळ्या फार कमी बनतात किंवा बनतच नाहीत. जोडीदार नसलेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचतात आणि पेशी अस्थिमज्जेतच मरतात. गॅमा साखळ्या मिळाल्या तर या एकट्या अल्फांना जोडीदार मिळतो. साचणारा कचरा कमी होतो आणि वापरण्याजोगं हिमोग्लोबिनही तयार होतं.

कॅन्सरच्या औषधापर्यंतचा रस्ता

बंद झालेली गॅमा पुन्हा सुरू करायची कशी, हा प्रश्न पुढे बरीच वर्षं तसाच राहिला. १९८२ साली अमेरिकेत ५-अझासायटिडीन नावाच्या औषधाने आधी बबून माकडांत आणि मग रुग्णांत गर्भ हिमोग्लोबिन वाढतं असं दिसलं. पण ते औषध सर्वांना वर्षानुवर्षं देण्यासारखं नव्हतं. सौम्य पर्याय शोधताना नजर हायड्रॉक्सियुरियाकडे गेली. हे रसायन जर्मनीत १८६९ सालीच तयार झालं होतं आणि १९६० च्या दशकापासून रक्ताच्या कॅन्सरवर वापरलं जात होतं. १९८४ साली सिकल सेलच्या दोन रुग्णांना ते दिलं गेलं आणि त्यांचं गर्भ हिमोग्लोबिन वाढलं.

हे औषध अस्थिमज्जेत पेशींची वाढ थोडी मंद करतं. त्या ताणाखाली मज्जा घाईने लाल पेशी बाहेर पाठवते, आणि घाईत बनलेल्या अशा पेशींत गॅमा जास्त असते. शिवाय पांढऱ्या पेशी कमी होतात आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटणं कमी होतं. त्यामुळे काही रुग्णांना गर्भ हिमोग्लोबिन पुरतं वाढण्याआधीच बरं वाटू लागतं.

मोठी चाचणी अमेरिकेत डॉ. सॅम्युअल शराश यांच्या पुढाकाराने झाली. त्यात २९९ प्रौढ रुग्ण होते. काहींना खरं औषध, काहींना तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल. औषधाच्या गटात वेदनेचे झटके जवळजवळ निम्मे झाले. फरक इतका स्पष्ट होता की १९९५ साली चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली गेली. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी औषधाला मान्यता मिळाली.

मग नागपूरला काय वेगळं घडलं?

भारतात सिकल पेशी प्रथम १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींत सापडल्या. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरकडच्या लोकांत त्या असल्याचं 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे दिसलं की भारतीय रुग्णांत गर्भ हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, अनेकदा १५ ते २० टक्के. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत ते सहसा बरंच कमी असतं. यावरून एक समज रुजला की भारतातला सिकल सेल सौम्य आहे, इथे या औषधाची फारशी गरज नाही.

नागपूरच्या वॉर्डातली मुलं मात्र सौम्य आजाराची नव्हती. बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र त्रास असलेली ६० मुलं घेऊन चाचणी केली. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेत डोस हळूहळू वाढवत शरीराला झेपेल त्या टोकापर्यंत नेत. नागपूरला दिवसाला किलोमागे फक्त १० मिलिग्रॅम असा ठरावीक डोस ठेवला. तरीही औषध घेणाऱ्या मुलांत वेदनेचे झटके वर्षाला सरासरी बारावरून एकाच्याही खाली आले. रक्त चढवणं आणि दवाखान्यात भरती होणंही फार कमी झालं.

याचे दोन अर्थ आहेत. रिपोर्टमध्ये एफ जास्त आहे म्हणून आजार हलका असेलच असं नाही, कारण सरासरी चांगली असली तरी काही पेशींत एफ भरपूर आणि काहींत नगण्य असू शकतं. आणि कमी डोसही आपल्याकडच्या मुलांना बराच उपयोगी पडू शकतो. कमी डोस म्हणजे कमी तपासण्या आणि कमी खर्च, जे पाड्यावरच्या कुटुंबाला झेपतं.

एका मुलाचा हिशोब

समजा मुलगा आठ वर्षांचा, वजन २४ किलो. वर्षात चार वेळा वेदनेसाठी भरती झालाय. १० ने गुणलं की दिवसाला २४० मिलिग्रॅम होतात. कॅप्सूल ५०० ची असेल तर एक दिवसाआड एक दिली जाते, म्हणजे सरासरी २५०. कॅप्सूल घरी फोडून अर्धी करायची नाही. गरोदर बाईने तिला हात लावायचा नाही आणि देणाऱ्याने नंतर हात धुवायचे.

सुरू करण्याआधी रक्ताची तपासणी, नंतर सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी, सगळं स्थिर झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी. आम्ही पाहतो ते पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. प्लेटलेट ८०,००० च्या खाली किंवा पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या तर औषध थांबवतो, आकडे सुधारले की पुन्हा सुरू करतो. ताप, तोंडात फोड किंवा अंगावर निळे-लाल डाग दिसले तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच या.

औषध लागू पडतंय हे रिपोर्टवरही कळतं. लाल पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, वाढत जातो. बहुतेकांत तीन महिन्यांनंतरही तो जागचा हलला नसेल, तर मी पहिला प्रश्न विचारतो, "कॅप्सूल रोज ठरल्याप्रमाणे पोटात जातेय ना?"

बहुतेक वेळा इथेच अडतं. ही वेदनाशामक गोळी नाही. गर्भ हिमोग्लोबिन वाढायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या महिन्यात एक झटका आला म्हणून बंद केलं तर फायदा सुरू होण्याआधीच संपतो. आणि बरं वाटतंय म्हणून बंद केलं तर काही आठवड्यांत एफ पुन्हा खाली येतं.

कॅन्सरच्या भीतीचं काय?

कॅन्सरमध्ये हे औषध वाढत्या पेशी रोखण्यासाठी देतात. इथे ते कमी मात्रेत, मोजून, गॅमा वाढवण्यासाठी देतो. अमेरिकेतल्या त्या चाचणीतल्या रुग्णांवर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले आणि कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही. पण मूल हवं असेल तर नवरा-बायको दोघांपैकी जो औषध घेतो त्याने आधी डॉक्टरांशी बोलावं, औषध साधारण तीन महिने आधी थांबवावं लागतं. पुरुषांत शुक्रजंतूही कमी होऊ शकतात.

थॅलेसेमियाच्या पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्यांना क्वचितच रक्त लागतं अशा थॅलेसेमिया इंटरमीडियाच्या काही रुग्णांत हायड्रॉक्सियुरियाने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढतं, आणि थकवा कमी व्हायला तेवढं पुरतं. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाचं दर तीन-चार आठवड्यांचं रक्त मात्र या कॅप्सूलने सहसा सुटत नाही. तिच्या भरवशावर रक्त चढवणं लांबवू नका. सिकल आणि थॅलेसेमिया दोन्हींचे दोष एकाच मुलात असतील, तर उपचार बहुधा सिकल सेलसारखाच चालतो.

तुमच्या घरात हे औषध बंद करून ठेवलेलं असेल, तर स्वतःहून पुन्हा सुरू करू नका. शेवटचा रिपोर्ट आणि मुलाचं आजचं वजन घेऊन या. वजन वाढलं असेल तर डोस नव्याने काढावा लागेल.