छप्पन कुठून आले?

परवा नात अकरावीची वही घेऊन आली. आठ वेळा नाणे उडवले तर बरोबर तीन वेळा छापा पडण्याची शक्यता किती? तिने तीनदा अर्धा आणि पाचदा अर्धा यांचा गुणाकार करून १/२५६ लिहिले होते. पुस्तकातले उत्तर ५६/२५६.

"आजोबा, हे ५६ कुठून आले?"

हाच प्रश्न फार वर्षांपूर्वी वर्गात एका मुलाने विचारला होता. "सूत्र आहे, पाठ कर," असे सांगून मी त्याला खाली बसवले होते. ते अजून टोचते. म्हणून या वेळी कागद घेऊन बसलो.

तिचे १/२५६ चुकीचे नव्हते, अपुरे होते. ती शक्यता एकाच ठरावीक क्रमाची: पहिले तीन छापे, मग पाच काटे. पण छापे दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फेकीलाही पडू शकतात. त्या क्रमाची शक्यताही १/२५६ च. म्हणजे असे क्रम किती, एवढेच मोजायचे.

आठ घरे काढली. पहिला छापा आठांपैकी कुठेही, दुसरा उरलेल्या सातांत, तिसरा सहांत. ८×७×६ म्हणजे ३३६. पण २, ५, ७ ही घरे ५, २, ७ अशी निवडली तरी नाण्यांची रांग तीच राहते. तीन घरे सहा प्रकारे मागेपुढे होतात, म्हणून प्रत्येक रांग सहा वेळा मोजली गेली. ३३६ भागिले ६ बरोबर ५६. उत्तर ७/३२, शंभरात जवळजवळ बावीस.

मंडळी, गंमत अशी की ही मोजणी नाण्यांसाठी जन्मलीच नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) ती छंदांसाठी आहे. गायत्रीच्या सहा अक्षरी चरणात एक गुरू, दोन गुरू असे प्रकार किती, हा त्यांचा प्रश्न. रीत अशी: वर उतरते अंक, खाली चढते, आणि क्रमाने गुणत-भागत जायचे. आपल्यासाठी ८/१, ७/२, ६/३. गुणाकार ५६! छाप्याच्या जागी गुरू आणि काट्याच्या जागी लघू ठेवा. आठ अक्षरांच्या चरणात तीन गुरू बसवण्याचे प्रकारही ५६ च.

शक्यतेचे गणित युरोपात पास्कल आणि फर्मा यांच्या १६५४ च्या पत्रव्यवहारातून उभे राहिले. जेकब बर्नूलीचा ग्रंथ १७१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. मोजणी मात्र त्याआधी काही शतके आपल्याकडे होती.

नातीने लगेच विचारले, "नाणे खोटे असेल तर?" तरी ५६ तेच राहतात, कारण जागा बदलत नाहीत. बदलतो तो फक्त एका क्रमाचा १/२५६.

असो. त्या मुलाला एवढे सांगायला मला दहा मिनिटे लागली असती.