हायपेरिकम: गर्भनिरोधक आणि मनाच्या गोळ्यांशी त्याचे का जमत नाही?

हायपेरिकम हे नाव विदर्भात बहुतेकांना होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांमुळे माहीत असते. बोट दारात चेंगरले, मार नसेवर बसला की ती गोळी दिली जाते. याच नावाची आणखी एक वस्तू आता मोबाइलवरून मागवता येते. मन उदास असेल, झोप नीट लागत नसेल तर 'नैसर्गिक' उपाय म्हणून विकली जाणारी ही कॅप्सूल. तिच्यावर बहुधा 'सेंट जॉन्स वर्ट' असे लिहिलेले असते.

ही पिवळ्या फुलांची युरोपातली वनस्पती आहे आणि भारतात ती हिमालयाच्या थंड पट्ट्यात आढळते. भंडारा जिल्ह्याच्या जंगलात ती उगवत नाही. इथे ती येते ती बाटलीतूनच. म्हणून आधी बाटली वाचावी लागते.

नाव एक, बाटल्या तीन

होमिओपॅथीच्या बाटलीवर ३० किंवा २०० असा आकडा असेल, तर औषध इतके पातळ केलेले असते की मूळ वनस्पतीचा कणही उरण्याची शक्यता नसते. ती इतर औषधांच्या आड येत नाही. आकड्याऐवजी 'क्यू' हे इंग्रजी अक्षर असेल तर तो मदर टिंक्चर, म्हणजे वनस्पतीचा खरा अर्क असतो. थेंबांतून पोटात किती जाते याचा नेम नसल्याने तो इतर औषधांसोबत न घेतलेला बरा. तिसरी बाटली कॅप्सूलची, जिच्यावर मिलिग्रॅम लिहिलेले असतात. रोजचा डोस साधारणपणे ३०० मि.ग्रॅ. अर्क, दिवसातून तीन वेळा. खरी अडचण हिचीच आहे.

एक गंमत अशी की अनेक लेबलांवर 'हायपरिसिन ०.३ टक्के' असे ठळक छापलेले असते. पण इतर औषधे बिघडवणारा मुख्य घटक हायपरिसिन नाही, हायपरफोरिन आहे. त्याचे प्रमाण लेबलवर बहुधा नसतेच. म्हणजे ग्राहकाला जे कळायला हवे नेमके तेच सांगितलेले नसते.

यकृतात काय घडते?

बाहेरून आलेली रसायने मोडून टाकण्याचे काम यकृत करते. त्यासाठी तिथे एन्झाइम असतात. हायपरफोरिन यकृताच्या पेशींमधला एक स्विच दाबते. त्याला पीएक्सआर म्हणतात. स्विच दाबला गेला की सीवायपी-३ए४ नावाचे एन्झाइम जास्त प्रमाणात तयार होऊ लागते. गर्भनिरोधक गोळीतले हार्मोनही हेच एन्झाइम मोडते, त्यामुळे ते रक्तातून लवकर संपतात.

हे एका दिवसात होत नाही. एन्झाइम वाढायला साधारण दोन आठवडे लागतात आणि कॅप्सूल बंद केल्यावर ते पूर्ववत व्हायलाही काही आठवडे जातात. म्हणूनच 'एकदा घेतली, काही झाले नाही' या अनुभवावर भरवसा ठेवता येत नाही.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १२ स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळी आधी एकटी आणि नंतर हायपेरिकमसोबत घेतली. एकट्या गोळीवर दोघींना पाळीच्या मधेच रक्तस्राव झाला होता, हायपेरिकम सुरू असताना तो सात जणींना झाला. गोळीतले इस्ट्रोजेन रक्तात निम्मे होण्यास आधी सुमारे २३ तास लागत, ते १२ तासांवर आले.

माला-एन घेणाऱ्या बाईचे उदाहरण

समजा, पवनी तालुक्यातली एक बाई आशाताईंकडून मिळणारी माला-एन घेते आहे. पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या हार्मोनच्या, उरलेल्या सात गडद रंगाच्या लोहाच्या. पांढऱ्या गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ आणि एथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मि.ग्रॅ. असते. मात्रा मुळातच कमी, त्यामुळे त्यातले हार्मोन लवकर संपले तर हाताशी फारसे काही उरत नाही.

एक पाकीट संपत आले असताना नणंदेने दिलेली कॅप्सूल तिने सुरू केली. गोळी एकही चुकली नाही. तरी पुढच्या पाकिटाच्या मधल्या आठवड्यात डाग दिसू लागले. 'अंगात उष्णता झाली' म्हणून ते सोडून देणे सोपे असते. पण गोळी नियमित असताना, उलटी-जुलाब नसताना असे नव्याने डाग दिसू लागले, तर दुसरे काय घेतले जात आहे हे आधी पाहावे. मात्र डाग दिसले नाहीत म्हणजे गोळी काम करतेच आहे, असेही समजू नये.

अशा वेळी कॅप्सूल बंद करावी, माला-एन चालूच ठेवावी आणि पुढचे चार आठवडे निरोध वापरावा. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत पाळी आली नाही तर उपकेंद्रात किंवा घरी गर्भचाचणी करून घ्यावी. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीतही लिव्होनॉरजेस्ट्रेलच असते, त्यामुळे तिचा भरवसाही कमी होतो. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर-टी अशा वेळी जास्त खात्रीची. तांब्यावर यकृताच्या एन्झाइमचा काही परिणाम होत नाही. तीन महिन्यांच्या 'अंतरा' इंजेक्शनलाही हायपेरिकमची बाधा होत नाही असे मानले जाते. दंडात बसवायच्या इम्प्लांटचे मात्र तसे नाही. ते असूनही हायपेरिकम घेणाऱ्या स्त्रियांना गर्भ राहिल्याच्या नोंदी आल्यावर ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१४ साली डॉक्टरांना सावध केले होते.

मनाच्या गोळ्या: दोन उलट धोके

इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, कारण काही औषधे कमी पडतात आणि काहींचा परिणाम अति होतो.

अल्प्राझोलम आणि अमिट्रिप्टिलिन ही कमी पडणाऱ्यांपैकी. अल्प्राझोलमचे रक्तातले प्रमाण दोन आठवड्यांच्या हायपेरिकमनंतर सुमारे निम्म्यावर येते. रुग्णाला वाटते गोळी लागू पडत नाही, आणि डॉक्टर डोस वाढवतात. पुढे कॅप्सूल बंद झाली की तोच वाढीव डोस जड होतो, सुस्ती येते. म्हणून कॅप्सूल सुरू असल्याचे आणि बंद केल्याचेही डॉक्टरांना सांगावे लागते.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांचे उलट होते. ही औषधे मेंदूतले सेरोटोनिन वाढवतात आणि हायपेरिकमही तेच करते. दोन्ही एकत्र आल्यास सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकते. घाम, ताप, जुलाब, धडधड, अस्वस्थपणा अशी लक्षणे दिसतात. मे महिन्यात भंडाऱ्यात असे काही झाले तर घरचे म्हणणार, ऊन लागले. फरक ओळखण्याची खूण म्हणजे हातांची थरथर, पायांना आपोआप बसणारे झटके, मोठ्या झालेल्या बाहुल्या, आणि नवे औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत किंवा एका दिवसात हे सुरू होणे. झटके, जास्त ताप किंवा गोंधळलेले बोलणे दिसल्यास कैरीचे पन्हे देत बसू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे आणि दोन्ही औषधांची पाकिटे सोबत न्यावीत.

फ्लुऑक्सेटिनबाबत एक वेगळी काळजी आहे. ते बंद केल्यावरही शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते. 'ती गोळी मागच्या आठवड्यातच सोडली' म्हणून लगेच हायपेरिकम सुरू करणे सुरक्षित नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर सोडून कॅप्सूलवर येणे तसेही धोक्याचे, कारण अचानक सोडल्याने चक्कर, चिडचिड होते आणि मूळ आजार उलटू शकतो. दोन्ही सुरू असतील आणि त्रास नसेल, तर कॅप्सूल थांबवून डॉक्टरांची गोळी तशीच चालू ठेवावी आणि त्यांना कळवावे. मनाच्या त्रासाबद्दल बोलायला टेलि-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय असेल तर १८००-१८०-३०२४ वर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.