बेस्ट बेकरीचे जबाब

बडोद्याच्या हनुमान टेकडी भागातल्या बेस्ट बेकरीवर १ मार्च २००२ च्या संध्याकाळी जमावाने हल्ला केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालू राहिला आणि त्यात चौदा जण मारले गेले. बेकरीच्या मालकाची मुलगी झहीरा शेख वाचली. तिच्या नावावरचा पहिला कागद हल्ल्यानंतर पोलिसांनी नोंदवलेल्या फिर्यादीचा. त्यात तिने हल्लेखोरांची नावे सांगितल्याचे लिहिले आहे. पुढच्या चार वर्षांत तिचे म्हणणे अनेक वेळा नोंदवले गेले आणि ते प्रत्येक वेळी सारखे राहिले नाही. हे कागद तारखेच्या क्रमाने लावले, तर फितूर साक्षीदाराच्या बाबतीत कायदा काय करू शकतो आणि कुठे थांबतो, ते बरेच स्पष्ट दिसते.

दुसरा कागद १७ मे २००३ चा, बडोद्याच्या जलदगती न्यायालयातल्या साक्षीचा. हल्ला कोणी केला ते आपण पाहिले नाही, असे तिने शपथेवर सांगितले. ती एकटी नव्हती. त्या खटल्यात तपासलेल्या ७३ साक्षीदारांपैकी ३७ उलटले. २७ जूनला सर्व एकवीस आरोपी निर्दोष सुटले.

साक्षीदार उलटला की कोर्टात काय घडते ते इथे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. सरकारी वकील न्यायाधीशांकडे आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याची परवानगी मागतात. पुराव्याच्या कायद्यातले तेव्हाचे कलम १५४ तशी मुभा देत होते. मग पोलिसांपुढचा जबाब काढून त्यातला एकेक मजकूर साक्षीदाराला वाचून दाखवला जातो: ‘अमुक माणसाच्या हातात तलवार होती, असे तुम्ही सांगितले होते ना?’ साक्षीदार म्हणतो, ‘मी असे सांगितले नाही, पोलिसांनी कसे लिहिले ते मला माहीत नाही.’ त्या मजकुराला खूण केली जाते. पुढे तपासी अंमलदार पिंजऱ्यात येतो आणि साक्षीदाराने सांगितले तसेच आपण लिहिले, असे शपथेवर सांगतो. तेव्हा विसंगती सिद्ध होते.

सिद्ध होते ती मात्र फक्त विसंगती. तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सहीसुद्धा घ्यायची नसते, आणि तो जबाब साक्षीला खोडण्यापुरताच वापरता येतो. फिर्यादीवर सही असते, पण तीही फिर्याद देणाऱ्याच्या साक्षीला दुजोरा देण्यासाठी किंवा ती खोडण्यासाठीच उपयोगी पडते. माणूस खोटे बोलला हे कागदाने दाखवता येते. तो आज खोटे बोलतो आहे की त्या दिवशी बोलला होता, हे त्या कागदाने ठरत नाही. दुसरीकडे, साक्षीदार फितूर ठरला म्हणून त्याची सगळी साक्ष कचऱ्यात जात नाही. सतपाल विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९७६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा साक्षीतला जो भाग विश्वासार्ह वाटेल तो न्यायाधीशाने काळजीपूर्वक, इतर पुराव्याशी ताडून घ्यावा. बडोद्यात ताडून पाहायला फारसे काही उरले नव्हते.

जुलै २००३ मध्ये झहीरा शेख पुन्हा बोलली. आपण न्यायालयात खोटे सांगितले, कारण कुटुंबाला धमक्या होत्या, असे तिने जाहीरपणे आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढेही सांगितले. डिसेंबर २००३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल रद्द करून खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायचा आदेश दिला.

तो निकाल वाचताना माझे लक्ष साक्षीदारांपेक्षा सरकारी वकिलांविषयीच्या भागाकडे जास्त गेले. एका जखमी साक्षीदाराची मानसिक अवस्था ठीक नाही, एवढ्यावर त्याला वगळण्यात आले होते. त्या कारणाला वैद्यकीय आधार नव्हता. साक्षीदार फुटण्याला अभियोग पक्ष कसा हातभार लावतो, याचा इतका ठोस तपशील फार थोड्या निकालपत्रांत सापडतो. जो साक्षीदार पिंजऱ्यात येतच नाही, त्याची नोंद ‘फितूर’ अशी होत नाही. म्हणून ७३ आणि ३७ या आकड्यांतून नुकसानीचा पूर्ण अंदाज येत नाही, असे मला वाटते.

फेरखटला मुंबईत, माझगावच्या विशेष न्यायालयात न्यायाधीश अभय ठिपसे यांच्यापुढे २००४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. जिच्या तक्रारीवरून तो इथे आला होता, तिने ३ नोव्हेंबरला बडोद्यात पत्रकारांना सांगितले की, आधीची विधाने आपल्याकडून दबावाखाली करवून घेतली गेली. मुंबईतही ती फितूर ठरली.

ती का उलटली? इथे कागद जपून वाचावे लागतात. २००३ च्या उलटण्याचे कारण भीती, हे तिचे स्वतःचे विधान आहे. ते ज्या व्यक्तीने केले तिनेच ते मागे घेतले. २००४ च्या उलटण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल आहे. तो ऑगस्ट २००५ मध्ये आला आणि त्याने प्रलोभनाकडे बोट दाखवले. ८ मार्च २००६ रोजी न्यायालयाने तिला अवमानाबद्दल एक वर्षाची साधी कैद आणि पन्नास हजार रुपये दंड ठोठावला, आणि तिच्या पैशांचा स्रोत तपासायला आयकर खात्याला सांगितले. भीती आणि पैसा, दोन्ही एकाच वेळी काम करत असतील हा माझा तर्क. कागद त्यातली टक्केवारी सांगत नाहीत. एवढे मात्र नक्की, की शिक्षा झाली ती साक्षीदाराला, आणि तिच्यावर दबाव आणणाऱ्यांविषयीची किंवा तिला प्रलोभन देणाऱ्यांविषयीची नोंद तुलनेने फारच त्रोटक आहे.

त्याआधीच, २४ फेब्रुवारी २००६ रोजी माझगावचा निकाल लागला होता: तिथे खटला चाललेल्या सतरा आरोपींपैकी नऊ जणांना जन्मठेप, आठ निर्दोष. मुख्य साक्षीदार गेल्यावर हे कसे घडले? उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या, हल्ल्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे जुलै २०१२ मध्ये आलेल्या निकालात आहे. बेकरीत काम करणारे, हल्ल्यात जखमी झालेले चार कामगार. त्यांच्या अंगावर जखमा होत्या, म्हणजे ते तिथे होते याविषयी वाद घालायला जागा कमी. कोणाच्या हातात कोणते हत्यार होते, हे त्यांनी आरोपींना ओळखून सांगितले. उच्च न्यायालयाने प्रत्येक आरोपी स्वतंत्रपणे तपासला. ज्यांच्याविरुद्ध या कामगारांची साक्ष टिकली त्या चौघांची जन्मठेप कायम राहिली, आणि उरलेल्या पाच जणांना सोडून देण्यात आले.