रोशा तेल व संत्रा तेल : बिघाड आणि साठवण

अचलपूर परिसराशी संबंधित दोन बाष्पनशील तेले. रोशा तेल मेळघाटच्या उतारांवर वाढणाऱ्या रोशा गवतापासून (तिखाडी) वाफेने काढतात. संत्रा तेल अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या पट्ट्यात पिकणाऱ्या फळाच्या सालीत असते व साल दाबून किंवा तिचे ऊर्ध्वपातन करून मिळते. हवा, उष्णता व प्रकाश यांनी दोन्ही तेले बिघडतात. पण रोशा नीट ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते, संत्रा तेल मात्र हलगर्जीपणाने ठेवल्यास काही महिन्यांतच वाया जाते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकातील व्यापारविषयक लेखनात रोशा तेलाच्या संदर्भात खानदेश, निमाड व बैतूल यांच्याबरोबर एलिचपूर (अचलपूर) हे नाव येते. तेल मुंबईमार्गे तांबड्या समुद्रातील बंदरांकडे आणि पुढे तुर्कस्तानात जाई व तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. भेसळीपूर्वी ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात घुसळून काही काळ उन्हात ठेवीत. उन्हाने रंग फिका होई. लिंबाच्या रसाचे काम वेगळे असावे : भट्टीच्या व वाहतुकीच्या भांड्यांतून तेलात उतरलेले तांबे किंवा लोखंड सायट्रिक अम्ल बांधून पाण्यात ओढून घेते. आजही लोखंडी भट्टीतून काळपट उतरलेले तेल टार्टारिक किंवा सायट्रिक अम्लाच्या पाण्याने धुतात. रोशाच्या ‘मोतिया’ व ‘सोफिया’ या दोन प्रकारांची हद्द नेमकी कोठे, याविषयी जुन्या लेखकांत एकमत नाही. येथे मोतियाच गृहीत धरला आहे.

घटक : रोशा तेलात साधारणतः तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक जिरॅनिऑल असते, उरलेल्यात जिरॅनिल ॲसिटेट व थोडे लिनॅलूल. संत्रा तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. टिकाऊपणातला फरक मुख्यतः येथून सुरू होतो.

हवा : खरा शत्रू हवेतील ऑक्सिजन. उष्णता व प्रकाश बव्हंशी त्याचेच काम जलद करतात. लिमोनीनच्या रेणूतील दुहेरी बंधाशेजारचा हायड्रोजन सहज सुटतो, त्या जागी ऑक्सिजन चिकटून हायड्रोपेरॉक्साइड बनते आणि ते फुटून आणखी रेणूंना या साखळीत ओढते. म्हणून तेल सुरुवातीला बराच काळ जसेच्या तसे वाटते व मग झपाट्याने उतरते. हायड्रोपेरॉक्साइडे फुटून कार्व्होन, कार्व्हिऑल इत्यादी बनतात. संत्र्याचा ताजा वास जाऊन टर्पेंटाइनसारखा उग्र, शिळा वास येतो आणि तेल किंचित दाट होते. जिरॅनिऑलचेही ऑक्सिडीकरण होते, त्यातून सिट्रलचे दोन्ही प्रकार तयार होतात; त्यामुळे जुन्या रोशात गुलाबाच्या गंधाखाली लिंबाची छटा जाणवते.

किती हवा पुरते, याचा हिशेब उद्बोधक आहे. एक लिटरच्या बाटलीत अर्धे तेल असेल तर वरच्या ५०० मिलिलिटर हवेत सुमारे १०५ मिलिलिटर, म्हणजे ४ मिलिमोलच्या आसपास ऑक्सिजन असतो. तो सगळा पेरॉक्साइड होऊन तेलात राहिला तर तेलाची पेरॉक्साइड पातळी लिटरमागे ८ मिलिमोलपर्यंत जाईल. लिमोनीनचे प्रमाण जास्त असलेल्या सुगंधी मालासाठी आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने २० मिलिमोलची मर्यादा घातली आहे, कारण ही पेरॉक्साइडे त्वचेला ॲलर्जी आणतात. आता त्याच बाटलीत पावभागच तेल उरले, तर ७५० मिलिलिटर हवेत सव्वासहा मिलिमोल ऑक्सिजन आणि खाली फक्त २५० मिलिलिटर तेल. पातळी २५ वर जाते, म्हणजे एकदाच भरलेल्या हवेने मर्यादा ओलांडली जाऊ शकते. प्रत्यक्षात काही पेरॉक्साइड पुढे फुटत असल्याने मोजलेला आकडा याहून कमी येतो, पण फुटलेला माल म्हणजेच बिघडलेला वास. शिवाय बूच उघडले की हवा नव्याने भरते. थोड्या तेलाची मोठी बाटली हाच साठवणीतला सर्वांत मोठा दोष होय.

उष्णता : तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि टिनपत्र्याखालच्या गोदामात त्याहूनही वर. २५ अंशांच्या खोलीच्या तुलनेत ४५ अंशांना वेग चौपट होतो. दुसरा परिणाम कमी लक्षात येतो : २० वरून ४५ अंशांपर्यंत तेल सुमारे दोन टक्के फुगते. बूच सैल असलेला डबा दुपारी आतली हवा बाहेर सोडतो आणि रात्री थंड होताना ताजी हवा, पावसाळ्यात दमट हवा, आत ओढतो. अशा तेलात पाणी उतरते. मग रोशातील जिरॅनिल ॲसिटेटचे जलीय विच्छेदन होऊन ॲसिटिक अम्ल सुटते व तेलाला आंबूस झाक येते. संत्रा तेलाच्या बाबतीत आगीचाही प्रश्न आहे, कारण लिमोनीनचा ज्वलनबिंदू ४८ अंशांच्या आसपास आहे आणि पत्र्याखाली ते तापमान गाठले जाते.

प्रकाश : जंबुपार व निळा प्रकाश साखळी सुरू करून देतो, दाबून काढलेल्या संत्रा तेलातील रंगद्रव्ये त्यात भर घालतात.

ओळख : वास सर्वांत आधी सांगतो, मात्र कागदाच्या पट्टीवर थोडे सुकू द्यावे; ताजे संत्रा तेल बहुतांशी उडून जाते, जुने चिकट डाग मागे ठेवते. झटपट रासायनिक तपासणीसाठी परीक्षानळीत थोड्या तेलात ॲसिटिक अम्ल व पोटॅशियम आयोडाइडचा विद्राव घालून हलवितात. पेरॉक्साइड असल्यास आयोडीन सुटून पिवळा-तपकिरी रंग येतो व स्टार्चच्या पाण्याने तो निळा होतो. खराब झालेल्या तेलाची घनता व प्रणमनांक वाढतात. गढूळपणा हा बहुधा पाण्याचा असतो, ऑक्सिडीकरणाचा नव्हे.

साठवण : भट्टीतून उतरलेले तेल प्रथम पाण्यापासून वेगळे होऊ द्यावे, मग त्यात निर्जल सोडियम सल्फेट घालून ढवळावे, ते तळाशी खडे न धरता सैल राहिले की तेल कोरडे झाले असे समजून गाळून घ्यावे. भांडे तपकिरी काचेचे, स्टेनलेस स्टीलचे किंवा आतून अस्तर दिलेल्या ॲल्युमिनियमचे असावे. उघडे लोखंड व तांबे टाळावे, कारण त्यांचे अंश ऑक्सिडीकरणाला चेतवितात. रबरी बूच लिमोनीनने फुगते व थर्मोकोल तर विरघळतोच. भांडे गळ्यापर्यंत भरावे, फुगण्यासाठी तीन ते पाच टक्के जागा सोडून. वापरता वापरता तेल उतरले की ते लगेच लहान बाटलीत काढावे. ती हाताशी नसल्यास स्वच्छ कोरड्या काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणण्याची जुनी युक्तीही चालते. पिंपात वरच्या जागेत नायट्रोजन सोडता आला तर उत्तमच. बीएचटी किंवा टोकोफेरॉल ०·१ टक्का घालतात. ते ताज्या तेलातच घालावे, बिघडलेले तेल त्याने सुधारत नाही, आणि खरेदीदाराला तसे कळवावे.

संत्रा तेल शीतपेटीत ठेवणे योग्य. बाहेर काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर दमट हवेतील पाणी आत गळते. रोशासाठी पत्र्याऐवजी कवेलूचे छप्पर किंवा जाड भिंतींची अंधारी खोली पुरते.