गोदामाचे अंतर्गत लेखापरीक्षण

गोदामात प्रत्यक्ष असलेला माल आणि संगणकातला साठा जुळतो का, आणि जुळत नसेल तर चूक कोणत्या टप्प्यावर शिरली, याचा कंपनीनेच करवून घेतलेला तपास म्हणजे गोदामाचे अंतर्गत लेखापरीक्षण. अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात, पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील सुपे येथील औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी हा तपास मुख्यतः कारखान्यांच्या स्टोअरमध्ये होतो. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 138 नुसार ठरावीक कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षक नेमावा लागतो. खासगी कंपनीसाठी आदल्या वर्षी 200 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक उलाढाल ही त्यातली एक कसोटी आहे.

तपास फाटकापासून सुरू होतो. लेखापरीक्षक काही आवक निवडून गेट रजिस्टर, पुरवठादाराचे चलन, खरेदी आदेश आणि मालपावती (जीआरएन) एकमेकांशी ताडून पाहतो. या चार कागदांवरचे आकडे जुळले म्हणजे माल मोजला गेला, असे मात्र होत नाही. घाईच्या वेळी चलनावरचाच आकडा मालपावतीत उतरवला जातो. म्हणून एखादी गाडी उतरत असताना तिथे उभे राहणे हा या टप्प्यावरचा सर्वांत उपयोगी पुरावा ठरतो. उतरलेला पण तपासणी न झालेला माल वेगळा ठेवला आहे का आणि तो वापरायोग्य साठ्यात धरला गेला आहे का, हेही तिथेच कळते. महिनाअखेरीस तारखांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. 31 मार्चची मालपावती असेल आणि गेट रजिस्टरात गाडी 1 एप्रिलला आत आलेली असेल, तर तो साठा चुकीच्या वर्षात गेला.

पुढचा प्रश्न जागेचा. रॅकमधल्या प्रत्येक कप्प्याला, म्हणजे बिनला, क्रमांक असतो. तपासणी दोन्ही दिशांनी करावी लागते: नोंदीतून बिन निवडून तिथला माल मोजायचा आणि रॅकवरचा माल निवडून त्याची नोंद शोधायची. पहिल्या पद्धतीने नसलेला माल उघड होतो, दुसरीने नोंद नसलेला. समजा 60 बिन पाहिल्या आणि 53 मध्ये वस्तू, संख्या व जागा तिन्ही जुळल्या, तर अचूकता सुमारे 88 टक्के झाली. त्याच वेळी एकूण साठ्याच्या किमतीतला फरक जवळजवळ शून्य असू शकतो. एका बिनमध्ये 40 नग कमी आणि शेजारच्या बिनमध्ये तेवढेच जास्त असले, की हिशेब जुळतो. पण लाइनवरून मागणी आल्यावर स्टोअरला माल सापडत नाही आणि तोच माल पुन्हा मागवला जातो. त्यामुळे जास्त आणि कमी यांची वजावट न करता दोन्ही फरक वेगळे दाखवणे आवश्यक असते.

सायकल काउंट म्हणजे वर्षातून एकदा गोदाम बंद ठेवून सगळे मोजण्याऐवजी रोज थोडे मोजणे. समजा, किमती 200 वस्तू दरमहा, मधल्या 600 तिमाहीत एकदा आणि उरलेल्या 1,200 वर्षातून एकदा मोजायच्या ठरल्या. वर्षाच्या 6,000 मोजण्या होतात. 300 कामाच्या दिवसांत रोज 20. लेखापरीक्षक आधी पाहतो की अवघड, उंचावरच्या बिन यादीतून सतत सुटतात का. मोजणाऱ्याच्या हातातील यादीवर साठ्याचा आकडा नसावा. तो असला की मोजणी त्याच आकड्याकडे झुकते. मोजणी चालू असताना त्या बिनमधील देवघेवही थांबलेली हवी.

खरी परीक्षा फरक सापडल्यानंतर होते. उदाहरणार्थ, बोल्टचे खोके पूर्वी 100 नगांचे येत होते. पुरवठादाराने ते 80 चे केले, पण स्टोअर 100 नेच गुणत राहिले. 25 खोक्यांची नोंद 2,500 झाली, माल आला 2,000. मोजणीत 500 ची तूट दिसली, ती ‘समायोजन’ म्हणून काढून टाकली गेली आणि पुढच्या आवकीत पुन्हा तेवढीच तूट आली. एकेक मोजणी पाहिली तर कार्यक्रम नीट चाललेला वाटतो. त्याच वस्तूची वर्षभराची समायोजने एकत्र लावली की चूक आवकीत असल्याचे दिसते. पुरवठादाराला न मिळालेल्या 500 नगांचे पैसेही दिले गेलेले असू शकतात, म्हणून तपास बिलापर्यंत न्यावा लागतो. समायोजनाला मंजुरी देणारी व्यक्ती माल सांभाळणारी नसावी, हा नियम यासाठीच असतो.

वैधानिक लेखापरीक्षकालाही या कागदांचा उपयोग होतो. कारो 2020 हा आदेश लागू असलेल्या कंपनीत, साठ्याच्या कोणत्याही वर्गात एकूण 10 टक्के किंवा अधिक तफावत आढळली का आणि हिशेबात तिची योग्य दखल घेतली का, हे त्याला अहवालात सांगावे लागते. नमुना तपासणीला मर्यादा आहेत. सीलबंद खोक्यातला माल, तसेच संगनमताने केलेली अफरातफर तिच्यातून निसटू शकते. म्हणून काही खोकी फोडून मोजली जातात.